स्टडी ३२९ : जिंकल्याचं सांगितलेली पण हरलेली ट्रायल

पॅरोक्सेटीन नावाची डिप्रेशनची गोळी. ती १२ ते १८ वयाच्या मुलांना लागू पडते का हे बघायला अमेरिका-कॅनडात २७५ मुलामुलींवर ट्रायल झाली, तीच ही स्टडी ३२९. एका गटाला पॅरोक्सेटीन, दुसऱ्याला जुनं इमिप्रामिन, तिसऱ्याला प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी, आठ आठवडे. २००१ साली पेपर आला की गोळी परिणामकारक आहे आणि मुलांना सहन होते.

आता प्रोटोकॉल बघा, म्हणजे ट्रायल सुरू व्हायच्या आधी लिहिलेला प्लॅन. त्यात आठ मोजमापं ठरलेली, दोन मुख्य आणि सहा दुय्यम, आणि त्या आठातल्या एकावरही गोळी प्लासिबोच्या ठोस पुढे गेली नाही. मग पेपरात यश आलं कुठून? वाटेत निदान १९ नवी मोजमापं घुसली आणि एकूण २७ पैकी ४ जमली, तीच पुढे मांडली गेली. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढायचा प्रकार. गोळीत काहीच दम नसता तरी २७ चाचण्यांत एखाद-दुसरी योगायोगाने जमतेच, आणि इथली चारही त्याच मुलांच्या त्याच मूडवरची, म्हणजे चार वेगळे पुरावे म्हणून धरताच येत नाहीत.

बरं, फरक तरी किती? डिप्रेशन किती आहे हे मोजणाऱ्या हॅमिल्टन स्केलवर पॅरोक्सेटीन गटाचा स्कोअर १०.७ ने उतरला, प्लासिबोचा ९.१ ने. म्हणजे फरक १.६ चा, आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेने रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून एकेकाळी निदान ३ धरलेला (या ३ वरही वाद आहेत, पण १.६ मात्र नक्कीच किरकोळ). प्लासिबोवरही मुलं ९ ने सुधारली हे विसरू नका, गोळी देऊन आधी-नंतर एवढंच बघितलं असतं तर सगळं श्रेय गोळीलाच गेलं असतं.

ब्लाइंडिंगचं दुखणं वेगळंच. कोणाला काय दिलंय हे कोणालाच कळू नये असं ठरलेलं असतं, पण इमिप्रामिनने तोंड कोरडं पडतं, चक्कर येते, आणि तेवढ्यावरून रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंदाज येऊ शकतो. हॅमिल्टनचे आकडे डॉक्टर मुलाशी बोलून देतो, रक्ताच्या रिपोर्टसारखे येत नाहीत, म्हणून अंदाज आला की स्कोअर नकळत सरकू शकतो.

सगळ्यात वाईट भाग साइड इफेक्ट्सचा. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा अशा घटना 'भावनिक अस्थिरता' या मोघम नावाखाली गेल्या. पेपरात पॅरोक्सेटीन गटात ५ मुलं दिसत होती. २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने मूळ कागदपत्रं उघडून मोजलं तर ११ निघाली, गट फक्त ९३ जणांचा. अमेरिकेत मुलांसाठी अशा औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा मात्र २००४ मध्येच आला होता.

हे सगळं मुलांवरच्या एका ट्रायलचं. मोठ्यांची औषधं यावरून जोखू नका, आणि चालू गोळी एकदम बंद तर अजिबात नको, पॅरोक्सेटीन अचानक सोडली की चक्कर, बेचैनी असा त्रास होतो.