एकास बारा पाणी? हिशोबच चुकलाय राव

"सर, बाटली 12 मोलरची आहे, मग एक भाग एचसीएल अन् बारा भाग पाणी घातलं की 1 मोलर झालं ना? आणि आधी काय ओतायचं हा नियम फक्त सल्फ्युरिकचा, खरंय का?"

दोन्ही चूक. एक अन् बारा मिळून तेरा भाग होतात, म्हणजे हाती येतं 0.92 मोलर. पाणी अकरा भागच लागतं. अर्धा लिटर 1 मोलर करायचंय समजा:

```
V1 = (1 × 500) / 12 = 41.7 ml
```

पण 12 हा आकडा 37 टक्के, घनता 1.18 असलेल्या बाटलीचा. लेबलवर 35 टक्के असलं तर साधारण 11.3 धरा, मग 44 मिली लागतं. बाटली जुनी असली तर गॅस उडून गेलेला असतो, तिथं नेमका आकडा पाहिजे असंल तर टायट्रेशनच करा.

आता ओतायचं कसं. बीकरमध्ये आधी 300 मिली पाणी, मग ॲसिड हळूहळू, ढवळत, थंड झाल्यावर व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कात 500 च्या खुणेपर्यंत. सल्फ्युरिकइतकी उष्णता होत नाही हे खरं, पण उलटं केलं की थोड्या पाण्याला भरपूर ॲसिड भेटतं, तिथल्या तिथं तापतं, शिंतोडे उडतात अन् पांढरा धूर थेट नाकात. आमच्या परभणीत मे महिन्यात तर नुसतं झाकण उघडलं तरी भपकारा येतो, म्हणून गॉगल, हातमोजे घालून फ्युम हूडमध्येच उघडा.