बॅटरी, चमचा आणि घशातलं पांढरं

परवा रात्री साडेदहाला शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. त्यांच्या 6 वर्षांच्या पोराला 102 ताप, गिळताना रडतोय, आणि त्यांनी मोबाईलच्या बॅटरीनं घसा बघितला तर "ताई, दोन्ही बाजूला बोराएवढ्या गाठी आल्यात ओ, त्यावर पांढरं पण दिसतंय." मी लहान मुलांची डॉक्टर, त्यामुळं असं बोलावणं नवीन नाही, पण यावेळी वाटलं की हे नीट लिहून ठेवावं.

आधी गाठींचं सांगते. त्या गाठी म्हणजे टॉन्सिल, त्या आलेल्या नव्हत्या, आधीपासूनच होत्या. साधारण 4 ते 8 वयात टॉन्सिल तसेही मोठे असतात आणि पुढं हळूहळू लहान होतात, म्हणून नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. पोरगं ठणठणीत असताना एकदा घसा बघून ठेवला असता तर वहिनी एवढ्या घाबरल्या नसत्या.

बघायची पद्धत अशी. पोराला मांडीवर आपल्याकडं पाठ करून बसवायचं, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर, आणि डोकं आपल्या छातीला टेकवायचं. दुसऱ्या माणसानं समोरून बॅटरी धरायची. आधी चमचा नकोच, जीभ बाहेर काढून कुत्र्यासारखं धापा टाकायला सांगा, निम्म्या पोरांचा घसा तेवढ्यानं दिसतो. नाहीच दिसला तर स्टीलच्या चमच्याचा दांडा पाण्यात ओला करून जिभेच्या मधोमध ठेवायचा आणि खाली दाबायचा. त्याच्या मागं गेलात की उलटीची उमाळी येणारच. दोन-तीन सेकंदात टाळू, पडजीभ, दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत बघायची आणि चमचा बाहेर. रडून रडून घसा तसाही लाल होतो, गुलाबी औषध किंवा रंकाळ्यावरचा लाल बर्फगोळा पोटात गेला असेल तर रंगावर अजिबात जाऊ नका.

आता पांढरं. टॉन्सिलला बारीक खड्डे असतात, त्यात अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी साठून पिवळसर दाणे होतात, ताप नाही, दुखत नाही तर ते निरुपद्रवी. ते खरवडायला जाऊ नका, रक्त येतं. वहिनींच्या पोराच्या लालभडक टॉन्सिलवर मात्र पूचे ठिपके होते. पण गंमत अशी की असे ठिपके साध्या व्हायरसनं पण येतात, म्हणून नुसत्या घशावरून अँटिबायोटिक ठरवता येत नाही. मी विचारलं खोकला आहे का, नाही. नाक वाहतंय का, नाही. जबड्याखाली दाबलं तर गाठी दुखत होत्या, टाळूवर बारीक लाल टिपके पण होते. हे सगळं स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूकडं बोट दाखवतं, खोकला, सर्दी, आवाज बसणं असेल तर बहुतेकदा व्हायरस. घशातून स्वॅब घेतल्यावरच पक्कं कळतं, म्हणून सकाळी तो घेतला, टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि अमॉक्सिसिलिन 10 दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं की आया औषध बंद करतात, आणि माझा जीव तिथंच अडकतो, कारण या जंतूनंतर काही पोरांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर ते टाळता येतं, म्हणजे रात्रीच धावपळ करायची गरज नव्हती, पण आठवडाभर घरगुती काढे देत बसायची पण सोय नाही.

काही दृश्यं मात्र सकाळपर्यंत थांबायची नाहीत. एकच टॉन्सिल फुगून पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली गेलीय, तोंड नीट उघडत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, तर टॉन्सिलच्या मागं पू साठलेला असू शकतो. आणि टॉन्सिलवरून पडजिभेपर्यंत पसरलेला, चिकटलेला राखाडी पडदा दिसला तर घटसर्प, विशेषतः दीड आणि 5 वर्षांचे बूस्टर चुकले असतील तर. हा पडदा पुसायला गेलं की रक्त येतं, म्हणून पुसून बघू नका.

आणि एका पोराच्या तोंडात तर चमचा घालायचाच नाही. ज्याची लाळ गळतेय, गिळता येत नाही, जे पुढं वाकून हनुवटी वर करून बसलंय आणि श्वास आत घेताना घरघर आवाज येतोय. त्याच्या श्वासनळीच्या तोंडावरची झडप सुजलेली असू शकते, चमच्यानं किंवा रडण्यानं श्वास पूर्ण अडकू शकतो. त्याला आडवं पाडू नका, पाणी पाजू नका, आईच्या मांडीवर जसं बसलंय तसंच उचलून कोल्हापुरातलं सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथं इमर्जन्सीला न्या, घसा तिथले डॉक्टर बघतील.