पाल पडलेलं अन्न: विष वेगळं, जंतू वेगळे

अन्नात पाल सापडली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पालीचं विष उतरलं." मग कोणी म्हणतं सगळं ओतून द्या, कोणी म्हणतं पाल काढून टाका आणि एक उकळी आणा, कोणी मिठाचं पाणी घेऊन उलटी काढायला धावतं. सगळे विषाबद्दलच बोलत असतात आणि विष तिथे नसतंच.

यात थोडा दोष आपल्या शब्दाचा आहे. कीटकनाशक पोटात गेलं तरी आपण विषबाधा म्हणतो आणि नासलेल्या अन्नानं जुलाब झाले तरी विषबाधाच म्हणतो. एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या की उपायही एकमेकांत मिसळतात. मला खरा राग येतो तो "विषारी पाल" असल्या मथळ्यांचा, कारण ते वाचून लोक चुकीच्या माणसाला दवाखान्यात नेतात आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला हवं त्याला खेळायला पाठवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ते पुढे सांगतेच.

विषाचं आधी उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. भिंतीवरच्या पालीला विषग्रंथी नसतात. कातडीत विष नाही, शेपटीत नाही, तुटून वळवळत राहणाऱ्या शेपटीतही नाही. या कुळाबाहेरचे जे सरडे विषारी म्हणून प्रसिद्ध आहेत, ते गिला मॉन्स्टर आणि त्याचे भाऊबंद अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि मेक्सिकोकडे राहतात. त्यांचं विष खालच्या जबड्यात असतं आणि ते चावल्यावर अंगात जातं. आपल्या छतावरच्या पालीशी त्याचा संबंध नाही.

पालीच्या आतड्यात मात्र साल्मोनेला नावाचे जंतू बऱ्याचदा असतात. पालीला त्यांचा काही त्रास होत नाही, ती ठणठणीत असते आणि विष्ठेतून ते अधूनमधून बाहेर टाकत राहते. त्याच विष्ठेवरून ती चालते, म्हणून पायांना आणि पोटालाही ते लागतात. ती भांड्यात पडते, धडपडते, घाबरून विष्ठा करते, बुडून मरते, आणि आतड्यात होतं ते सगळं अन्नात उतरतं.

आता ज्या एका फरकावर सगळं अडतं तो. विष जेवढं पडलं तेवढंच राहतं. ते वाढत नाही, अन्न जास्त असेल तर पातळ होतं, आणि बरीचशी विषं उकळून जात नाहीत. जंतूंचं नेमकं उलट आहे. ते उकळीनं मरतात, पण कोमट अन्नात ठेवले तर वाढतात. म्हणून "पाल केवढी होती?", "अख्खी होती की तुकडे झाले होते?" हे प्रश्न विषाच्या कल्पनेतून येतात आणि त्यांच्या उत्तरानं फारसं काही कळत नाही. विचारायचे प्रश्न दोनच: पाल पडली तेव्हा अन्न किती गरम होतं, आणि पडल्यानंतर ते किती वेळ तसंच राहिलं?

आकड्यांत पाहा. साधारण ३० ते ३७ अंश सेल्सिअसला, दुधाभातासारख्या ओलसर अन्नात, साल्मोनेला अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. समजा पालीबरोबर १०० जंतू पडले आणि पहिला तास-दोन तास ते रुळण्यात गेले. त्यानंतरच्या सहा तासांत १२ वेळा दुप्पट झाले, तर त्यांचे चार लाखांवर होतात. ७० अंशांच्या वर तेच जंतू मिनिटा-दोन मिनिटांत मरतात. पाच अंशांच्या खाली ते मरत नाहीत, पण वाढ जवळपास थांबते. म्हणजे धोका पालीत जेवढा आहे त्याहून जास्त रात्रभर ओट्यावर राहिलेल्या कोमट भांड्यात आहे.

भावाच्या घरची गोष्ट. रात्री दहाला दूध तापवून ठेवलं होतं, झाकण जरा तिरकं होतं. सकाळी सहाला काकांनी वरचं दूध घेऊन चहा उकळला आणि प्यायले. पुतण्यानं त्याच भांड्यातलं पेलाभर दूध तसंच घेतलं, त्याला थंडच आवडतं. सातच्या सुमारास वहिनीनं तळाला गेलेली पाल पाहिली आणि ओरडली. दहा मिनिटांत काकांना मळमळलं, दरदरून घाम फुटला, उलटी झाली. सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात पळाले. मुलाला काहीच होत नव्हतं, म्हणून त्याला शेजारी सोडलं.

काकांच्या पोटात गेलेला चहा चांगला खळखळून उकळलेला होता. त्यांची उलटी खरीच होती, ते काही सोंग करत नव्हते. पण ती किळस आणि भीतीची होती, आणि दुपारपर्यंत ते जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे दूध प्यायल्यावर तिसाव्या तासाच्या आसपास, मुलाला ताप भरला, पोटात मुरडा आला, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला निघाला. तोवर "पालीचं विष असतं तर कालच कळलं असतं" असं म्हणून घर निर्धास्त झालं होतं. विष डोक्यात धरलं की दोघांना सारखाच धोका वाटतो, उलट काकांना जास्त, कारण त्यांना लगेच झालं. जंतू डोक्यात धरले असते तर पहिल्या मिनिटापासून नजर मुलावर राहिली असती.

वेळेवरून बरंच कळतं. पाल दिसल्यावर काही मिनिटांत, एकाचं पाहून दुसऱ्याला उलट्या होऊ लागल्या आणि तासा-दोन तासांत सगळे सावरले, तर ते साल्मोनेलाचं काम नव्हे. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरदार उलट्या आल्या तर अन्न आधीच बराच वेळ बाहेर राहून त्यात दुसऱ्याच जंतूंनी विष सोडलेलं असण्याची शक्यता मोठी असते. पाल तिथे निव्वळ सापडलेली असते. १२ ते ३६ तासांनी ताप, मुरडा आणि जुलाब, ही साल्मोनेलाची नेहमीची चाल आहे. कधी सहा तासांत, कधी सहा दिवसांनीही तो दिसतो.

आणि एक वेळ अशी असते की पालीचा विचार सोडूनच द्यावा. खाल्ल्यावर लगेच तोंडातून लाळ गळणं, बुबुळाची बाहुली टाचणीएवढी होणं, श्वास लागणं, झटके येणं, अशी लक्षणं दिसली तर ते कीटकनाशकाचं विष असू शकतं. तेव्हा क्षणही न घालवता रुग्णालय गाठायचं आणि उरलेलं अन्न तपासणीसाठी झाकून ठेवायचं. "पाल पडली होती" हे उत्तर हाताशी असलं की अशा वेळी कोणी तेलाचा डबा किंवा फवारणीची बाटली तपासतच नाही.

टाकायचं काय? पाल ज्यात पडली ते शिजलेलं अन्न टाकायचं, सगळं. "वरचं काढलं, खालचं चांगलं आहे" हे पातळ पदार्थात होत नाही, आणि भातातही ती कुठे कुठे फिरली ते दिसत नाही. उकळत्या भांड्यात तुमच्या डोळ्यांसमोर पडली तर जंतू मरतात हे खरं, तरी मी ते अन्न टाकते, कारण आतडं फुटून जे आत गेलं ते मला कोणाला वाढायचं नाही. पण अशा अन्नातलं चार घास कोणी खाल्लं असेल तर त्याच्यामागे धावाधाव करण्याचं कारण नाही.

रात्रभर पडून राहिलेल्याला पुन्हा उकळी आणायचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. उकळीनं साल्मोनेला मरेल, पण तेवढ्या तासांत दुसऱ्या काही जंतूंनी सोडलेली विषं उकळीला दाद देत नाहीत. म्हणजे खरं विष असेल तर ते इथे, आणि ते पालीचं नाही.

कोरड्या जिन्नसांत जंतू वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पिठात पाल मेलेली सापडली किंवा तिची विष्ठा दिसली तर ते पीठ टाकावं. पालीची विष्ठा ओळखायला सोपी: काळपट कांडी आणि एका टोकाला पांढरा ठिपका. उंदराच्या लेंडीला तो पांढरा ठिपका नसतो. अख्खं धान्य मात्र वाचतं. त्या भागातलं ओंजळभर काढून टाका, बाकीचं धुऊन नीट शिजवा. गार तेलात पडली तर तेल टाकायचं. बंद डब्यावरून नुसती चालली असेल तर डबा बाहेरून धुणं पुरे.

पाण्याच्या टाकीत मेली असेल तर टाकी रिकामी करून घासायची, पुन्हा भरून दर १००० लिटरला ५ टक्क्यांचं साधं ब्लीच १ लिटर घालायचं, एक दिवस तसंच ठेवून नळांवाटे सोडून द्यायचं आणि ताज्या पाण्यानं धुवायचं. ते होईपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्यायचं.

ज्यानं खाल्लं त्याला बोटं घालून किंवा मिठाच्या पाण्यानं उलटी काढायला लावू नका. मिठाच्या पाण्यानं रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला जाऊ शकतं, लहान मुलांत तर फारच. तीन दिवस नजर ठेवा. जुलाब लागले तर ओआरएस घोट घोट द्या, आणि ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवायची गोळी मनानं देऊ नका. तान्ही मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना लक्षणं दिसताच डॉक्टरांकडे न्या. बाकीच्यांनी ताप ३९ अंशांवर गेला, शौचात रक्त आलं, पाणीही पोटात ठरेना किंवा लघवी कमी झाली तर थांबू नये.

भांडं फेकायची गरज नसते. स्टील, काच, चिनी माती साबणानं घासा, उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, झालं. चरे पडलेलं प्लॅस्टिक आणि चिरलेला लाकडी डाव मात्र टाकलेले बरे, कारण भेगेत घासणी पोचत नाही. पाल काढलेला चिमटा, ओटा, सिंकची कड आणि स्वतःचे हात हे लोक हटकून विसरतात. आमच्या वहिनीनं भांडं तीनदा घासलं होतं, आणि ज्या फडक्यानं ओटा पुसला तेच फडकं दुपारी ताटं पुसायला घेतलं होतं.