वजू आणि गुसल

नमाजआधी ठराविक अवयव पाण्यानं धुण्याची जी पद्धत इस्लाममध्ये आहे तिला वजू म्हणतात, आणि अख्खं अंग धुवावं लागतं तेव्हा तो गुसल. मूळ अरबी उच्चार वुदू किंवा वुझूच्या जवळचा आहे, फारसी-उर्दूतून आपल्याकडं येता येता तो वजू झाला. धातूचा अर्थ उजळपणा, टवटवी असा लावतात. अंगाला चिखल लागला म्हणून वजू करतात असं बऱ्याच लोकांना वाटतं पण तसं नाही, चिखलानं वजू तुटतच नाही. वजू जातो तो 'हदस' मुळं. हदस म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक अवस्था, ती छोटी असेल तर वजूनं जाते आणि मोठी असेल तर गुसलनंच जाते.

वजू नेमका कधी फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाला यावर जुन्या अभ्यासकांत बराच वाद आहे. कुराणातली वजूची आयत, म्हणजे वचन, सूरह माइदा या अध्यायात आहे, सहावी, आणि ही सूरह मदिनेतली, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्या हिजरतीनंतरची. पण नमाज तर मक्केतच सुरू झाली होती, मग तेव्हा लोक वजूशिवाय नमाज पढत होते का? इब्न अब्दुल बर्र म्हणतात की पैगंबरांनी वजूशिवाय कधीच नमाज पढली नाही आणि हे सीरत म्हणजे पैगंबरांचं चरित्र लिहिणाऱ्या सगळ्यांना मान्य आहे, आयत नंतर आली ती आधीपासून चालू असलेल्या गोष्टीला कुराणात जागा देण्यासाठी. इब्न हज्म यांचं म्हणणं वेगळं, त्यांच्या मते वजूचा हुकूम मदिनेतलाच. पहिलं मत जास्त पटतं, कारण माइदाच्या आयतीसोबत जो प्रसंग सांगतात त्यात लोक पाणी नाही म्हणून अडून बसलेत, म्हणजे वजू त्यांना आधीच ठाऊक होता. प्रसंग असा की एका मोहिमेत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचा हार हरवला, शोधण्यात काफिला थांबला, जवळ पाणी नव्हतं, आणि तयम्मुमची म्हणजे मातीनं पाक होण्याची सवलत उतरली. ही मोहीम बहुतेक बनू मुस्तलिकची, हिजरी 5 किंवा 6 मधली धरतात. पण तेव्हा उतरलेली आयत माइदाची की सूरह निसाची 43 वी, यावरही एकमत नाही. हदीस जमवणाऱ्या बुखारींच्या एका रिवायतीत, म्हणजे कथनात, माइदाचेच शब्द आलेत म्हणून ती बाजू थोडी वजनदार वाटते.

याच आयतीत पायांबद्दलच्या शब्दाचं वाचन दोन तऱ्हेचं आहे. एका वाचनात पाय 'धुवा' मध्ये जातात, दुसऱ्यात डोक्याच्या मसहसोबत, म्हणजे ओला हात फिरवण्यात. सुन्नी पाय धुतात, शिया पायावर मसह करतात, त्या फरकाच्या मुळाशी हे वाचन आहे.

विदर्भात सुन्नी मुसलमान बहुतेक हनफी आहेत, कोकणातले बरेचसे शाफई, त्यामुळं एकाच मराठी मुलखात दोन्ही मसलक, म्हणजे सुन्नींमधले नियमांचे पंथ, भेटतात आणि वऱ्हाडातला माणूस रत्नागिरीकडं गेला की त्याला वजूचे नियम थोडे निराळे ऐकू येतात. हनफींकडं वजूचे फर्ज चार: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याच्या चौथ्या हिश्श्यावर मसह, घोट्यांसकट पाय धुणं. शाफईंकडं यात नियत म्हणजे मनातला इरादा आणि क्रम हे दोन जास्तीचे धरून सहा होतात. गुळणी, नाकात पाणी घेणं, मिसवाक म्हणजे दातून, प्रत्येक अवयव तीन तीन वेळा धुणं हे दोघांकडंही सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा रिवाज म्हणून करायचं, सक्तीचं नाही. मशिदीत बोरिंगच्या नळाखाली किंवा घरी बधन्यानं म्हणजे तोटीच्या लोट्यानं जो वजू करतात तो फर्ज आणि सुन्नत मिळूनचा, म्हणून पाणी जास्त जातं. पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू आणि एका साअपासून पाच मुद्दपर्यंत पाण्यात गुसल करायचे असं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींमध्ये, आहे. साअ म्हणजे चार मुद्द. मुद्दाच्या मापावर वाद आहे, हनफी मोठा धरतात, बाकीचे लहान, तरी साधारण पाऊण ते एक लिटरच्या आसपास समजायला हरकत नाही. वजू लागतो तो कुठलीही नमाज, तिलावतचा सजदा म्हणजे ठराविक आयती वाचल्यावर जमिनीला माथा टेकणं, आणि कुराणाची प्रत हाताळण्यासाठी, काबाच्या तवाफसाठी म्हणजे प्रदक्षिणेसाठीही. तोंडपाठ कुराण वजूशिवाय म्हणता येतं.

तुटण्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना मान्य: लघवी, शौच, वारा, म्हणजे दोन वाटांतून जे बाहेर येतं त्यानं वजू जातो. तसंच बेशुद्धी आणि गाढ झोप. वाद आहे तो रक्तावर. हनफी म्हणतात अंगाच्या कुठल्याही जागेतून रक्त निघालं आणि आपल्या जागेवरून वाहून पुढं गेलं तर वजू तुटला. शाफई म्हणतात नाही तुटत, रक्त पुसा, धुवा, पण वजू शाबूत. शाफईंचा आधार म्हणजे जातुर्रिकाच्या मोहिमेतला तो पहारेकरी सहाबी, म्हणजे पैगंबरांचा साथीदार, ज्याला बाण लागत राहिले आणि तो रक्तातच नमाज पढत राहिला. हनफींकडचा आधार फातिमा बिन्ते अबी हुबैश यांचा, ज्यांना पाळीबाहेरचं रक्त जायचं, पैगंबर म्हणाले ही एक रग, म्हणजे शीर, आहे आणि प्रत्येक नमाजसाठी वजू करत जा. त्यावरून हनफी म्हणतात की कारण 'रगेचं रक्त' हे आहे, मग ते कुठूनही येवो. शाफई उत्तर देतात की ते रक्त तर त्या दोन वाटांतल्याच एकीतून येत होतं, मग पहिल्याच नियमात बसलं. खरं तर दोन्हीकडची बाजू ताकदीची आहे.

आता हे वावरात कसं लागू पडतं ते बघू. दिवाळीच्या मागंपुढं कापूस वेचणी असते, पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी, दिवसातून दहादा बोटात शिरतात. समजा अकोल्याकडचा एक हनफी माणूस फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजच्या वजूवरच वावरात आलाय, रस्त्यात काही झालं नाही, वजू टिकून आहे. दहा वाजता बोंड टोचलं, बोटावर रक्ताचा ठिपका आला आणि तिथंच थांबला. वजू तुटला नाही, कारण दिसणं वेगळं आणि वाहणं वेगळं. अकराला दुसरं बोंड जरा खोल गेलं, थेंब आला, त्यानं धोतराला पुसला, परत आला, परत पुसला. इथं लोक चुकतात, त्यांना वाटतं वाहू दिलं नाही म्हणजे वाचलो. मसला म्हणजे नियम असा आहे की पुसलं नसतं तर वाहिलं असतं का याचा अंदाज घ्यायचा, वाहिलं असतं असं मन म्हणत असेल तर वजू गेला. दुपारी तो कापसाच्या गाठोड्याला टेकून झोपला, आणि झोप अशी की गाठोडं ओढून घेतलं तर पडेल, तर या झोपेनंही वजू जातो. नुसता मांडी घालून बसल्या बसल्या डुलकी लागली असती, बूड जमिनीला घट्ट टेकलेलं असतं, तर गेला नसता.

जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजच्या वेळी त्याच्याकडं बाटलीत लिटरभर पाणी उरलंय. पिण्यासाठी दुसरं असेल तर तेवढ्यात वजू सहज होतो, प्रत्येक अवयव एकेकदा धुवायचा फक्त, फर्ज अदा होतो. पिण्यापुरतंच असेल आणि तहानेची भीती असेल तर तयम्मुम चालतो: पाक मातीवर हात मारून चेहऱ्यावर फिरवायचे, परत मारून कोपरांपर्यंत हातांवर. काळ्या वावराची कोरडी माती त्याला चालते. पण एका शरई मैलाच्या आत, म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटरच्या आत विहीर असेल आणि तिथं जाण्यात जिवाला धोका नसेल, तर हनफींकडं तयम्मुम होत नाही, जावं लागतं. खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट निघतं, बरेच जण विचारतात त्यानं वजू होतो का. होतो. समुद्राच्या पाण्याबद्दल हदीस आहे की ते पाक करणारं आहे, मग विहिरीच्या खाऱ्या पाण्याला अडचण काय. आणि तयम्मुम केलेल्याला वापरता येईल असं पाणी मिळालं की तयम्मुम तिथंच संपतो.

तोंडातल्या रक्ताचा मसला थोडा नाजूक. थुंकीत रक्त आलं तर रंग बघायचा: थुंकी पिवळसर असेल तर थुंकी जास्त, वजू शाबूत, लाल असेल तर रक्त जास्त किंवा बरोबरीचं, वजू गेला. पण पान खाणाऱ्याची थुंकी तशीही लालच असते, म्हणून त्यानं आधी दोन-तीन गुळण्या करून मग बघावं, नाहीतर रंगावरून काहीच कळणार नाही. जखम सतत वाहत असेल, किंवा थेंब थेंब लघवी जात असेल, आणि एका नमाजचा अख्खा वक्त वजू करून फर्ज पढण्याइतकीसुद्धा फट न देता गेला, तर तो माणूस माजूर. त्यानं प्रत्येक वक्ताला एकदा वजू करावा, त्या वक्तात तीच जखम वाहिली तरी त्याचा वजू टिकतो. आणि नुसती शंका आली की तुटला की काय, तर तुटला नाही असंच समजायचं, खात्री शंकेनं जात नाही.

गुसल कधी लागतो: वासनेनं वीर्य बाहेर पडलं तर, जागेपणी असो वा झोपेत, नवराबायकोचा संबंध आला तर, मग वीर्य पडो न पडो, आणि बाईची पाळी किंवा बाळंतपणाचं रक्त थांबलं की. स्वप्न आठवतं पण कपड्यावर काही नाही तर गुसल नाही, स्वप्न आठवत नाही पण वीर्याचा ओलावा दिसला तर आहे. उत्तेजनेत जो पातळ चिकट द्रव येतो त्याला मजी म्हणतात, त्यानं फक्त वजू जातो, जागा धुवून वजू करावा, अंघोळीची गरज नाही. पोरं हे विचारायला लाजतात आणि उगाच थंडीत अंघोळी करत बसतात. जुम्मा आणि ईदची अंघोळ सुन्नत आहे. मयताला गुसल देणं वस्तीवर फर्जे किफाया, काहींनी दिला की बाकीच्यांची जबाबदारी उतरते.

हनफींकडं गुसलचे फर्ज तीन, तोंड भरून गुळणी, नाकात मऊ भागापर्यंत पाणी, आणि अख्ख्या अंगावर पाणी. वजूत जी गुळणी सुन्नत होती ती इथं फर्ज झाली, कारण आयतीत जनाबतसाठी, म्हणजे वीर्य किंवा संबंधामुळं आलेल्या मोठ्या हदससाठी, 'खूप चांगलं पाक व्हा' असा जोरदार शब्द आलाय आणि तोंडाचा आतला भाग त्यात ओढला जातो असं ते समजतात. शाफईंना हे मान्य नाही, त्यांच्याकडं नियत आणि अंगभर पाणी एवढंच. आपल्याकडं याचा संबंध थेट खर्ऱ्याशी येतो. दातात सुपारीचा तुकडा असा घट्ट बसला की खाली पाणी पोचत नाही, तर तो काढून गुळणी करायला सांगतात, नाहीतर गुसल अपुरा. नंतर लक्षात आलं तर परत अख्खी अंघोळ नको, तुकडा काढून तेवढीच गुळणी करायची, मात्र मधे पढलेली फर्ज नमाज परत पढायची. वाळलेली कणीक, ऑइल पेंट, नेलपॉलिश यांचं तसंच, थर असेल तर काढायचा. मेंदीचा नुसता रंग थर नसतो, तो चालतो. बायकांना वेणी सोडायची सक्ती नाही, पैगंबरांच्या पत्नी हजरत उम्मे सलमांनी त्यांना हेच विचारलं होतं, केसांच्या मुळांना पाणी पोचलं की झालं. गुसल नीट झाल्यावर नमाजसाठी वेगळा वजू करावा लागत नाही.