चाळीस दिवसांचे चौदा कसे झाले: ‘क्वारंटाईन’ या शब्दाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून परतलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जाऊ लागला आणि ‘होम क्वारंटाईन’ हे शब्द घरोघरी पोचले. ही मुदत चौदा दिवसांची होती. शब्दाचा मूळ अर्थ मात्र चाळीस दिवस असा आहे. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात आणि व्हेनिसच्या बोलीतल्या ‘क्वारांतेना’ या रूपातून हा शब्द युरोपभर पसरला. चाळीसचा अर्थ असलेला शब्द चौदा दिवसांना कसा लागू पडतो, हे कळण्यासाठी एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत मागे जावे लागते.

आज क्रोएशियात असलेले दुब्रोव्हनिक हे शहर तेव्हा रागुसा या नावाने ओळखले जाई आणि त्याचे पोट समुद्री व्यापारावर चाले. प्लेगने युरोप पोखरला असताना बंदर बंद करणे म्हणजे शहराने उपाशी राहणे, आणि ते उघडे ठेवणे म्हणजे प्लेगला आत घेणे. या पेचातून वाट काढण्यासाठी शहराच्या महासभेने २७ जुलै १३७७ रोजी असा ठराव केला, की प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्याने म्रकान या बेटावर किंवा जवळच्या त्सावतात गावी एक महिना राहिल्याशिवाय शहरात पाऊल टाकू नये. येथे चाळीस हा आकडा नाही. ही मुदत तीस दिवसांची होती आणि तिला पुढे ‘त्रेंतेना’ म्हटले गेले. ठरावात नवे होते ते वेगळेच: आलेला माणूस आजारी आहे म्हणून त्याला थांबवले जात नव्हते, तर तो आजारी आहे की नाही हे अजून कळलेले नाही म्हणून थांबवले जात होते. मुदत सरल्यावर तो धडधाकट असला, तर दार त्याच्यासाठी उघडत होते.

पंधराव्या शतकात तिसाचे चाळीस झाले. त्यामागे एकच कारण दाखवता येत नाही. तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत प्रकट होतो, अशी ग्रीक वैद्यकातून आलेली समजूत होती आणि ख्रिस्ती परंपरेत येशूचा उपवास आणि ईस्टरपूर्वीचे व्रत यांमुळे शुद्धीचा काळ म्हणून चाळीस हा आकडा मनात रुजलेला होता. (बाळंतिणीचा सव्वा महिना आठवला, तर असे आकडे रूढीत कसे मुरतात हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) आजच्या ज्ञानानुसार प्लेगची लक्षणे संसर्गानंतर साधारणतः आठवडाभरात दिसतात, म्हणजे चाळीस दिवस गरजेपेक्षा बरेच जास्त होते.

व्हेनिसने या कल्पनेला इमारतींचे रूप दिले. १४२३ मध्ये खाडीतल्या एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उघडले गेले, ते ‘लाझारेत्तो वेक्यो’, म्हणजे जुने. १४६८ मध्ये दुसरे बेट निवडले गेले, ते ‘लाझारेत्तो नुओवो’, म्हणजे नवे. येथे संशयित जहाजांवरचे निरोगी लोक मुदत काढत आणि त्यांचा माल मोठ्या पडवीखाली हवेशीर ठेवून सुगंधी वनस्पतींची धुरी देत. एकाच्या अंगावर लक्षणे दिसली, की त्याची रवानगी जुन्या बेटावर होई. आज ‘आयसोलेशन’ आणि ‘क्वारंटाईन’ यांत केला जाणारा फरक तेव्हाच दोन बेटांत विभागला गेला होता.

१८९७ मध्ये पुण्यातही रुग्णांना प्लेगच्या रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्या माणसांना सेग्रिगेशन कॅम्पमध्ये नेले जाई. विभागणी तीच होती, परंतु घरात घुसून झडती घेण्याची रीत एवढी जाचक होती, की लोकांच्या मनात दोन्ही ठिकाणांची दहशत बसली.

आकडा आणि अर्थ यांची फारकत केव्हा झाली, याचा एक लेखी पुरावा लंडनचा आहे. सॅम्युएल पीप्स याने नोव्हेंबर १६६३ मधील रोजनिशीत लिहिले आहे, की ॲम्स्टरडॅम आणि हॅम्बुर्ग येथून येणाऱ्या जहाजांना ‘तीस दिवसांचे क्वारंटाईन’ ठरवण्यात आले. शब्दाच्या अर्थाशी हे विसंगत असले, तरी आता तो काळाचा नव्हे तर कृतीचा वाचक झाला आहे, अशी पुस्तीही तो जोडतो. पीप्सला खटकलेली ही विसंगती नंतर कोणालाच खटकली नाही. १९६९ मध्ये चंद्रावरून आलेल्या तिघा अंतराळवीरांना एकवीस दिवसांच्या क्वारंटाईनमध्ये ठेवले गेले, तेव्हा ते आजारी असल्याचे कोणी म्हणत नव्हते. त्यांनी काही सोबत आणले आहे का, एवढेच पाहायचे होते. कोविडचे चौदा दिवसही असेच, त्या रोगाची लक्षणे दिसायला लागणाऱ्या कमाल काळाच्या अंदाजावरून ठरले.

मराठीत याच वेळी ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ असे दोन शब्द वापरात आले. पहिला संशयितासाठी आणि दुसरा रुग्णासाठी, असा भेद सरकारी कागदांत पाळण्याचा प्रयत्न झाला. बातम्यांत आणि बोलण्यात मात्र दोन्ही सरसकट एकमेकांच्या जागी आले. माझ्या मते दोष शब्दांचा आहे: एका अक्षराच्या फरकावर व्हेनिसची दोन बेटे तोलणे कठीणच होते.