‘ऑलवेज लूझेस’ आणि ‘इज ऑलवेज लूझिंग’

शाळेत इंग्रजी व्याकरणात एक नियम पाठ करून घेतात: वाक्यात ‘ऑलवेज’ दिसलं की साधा वर्तमानकाळ. परीक्षेपुरता तो चालून जातो. पण मग कोणी ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ म्हणालं की आपल्याला ते चुकीचं वाटतं. ते अगदी बरोबर आहे, फक्त त्यात बोलणाऱ्याचा वैताग मिसळलेला आहे.

मुळात दोन्हीकडचा ‘ऑलवेज’ एकच काम करत नाही. ‘शी ऑलवेज कॉल्स मी व्हेन शी रीचेस द ऑफिस’ या वाक्यात तो मोजून-मापून आलाय. ऑफिसला पोचली की फोन, दर वेळी, न चुकता. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर वाक्य तेवढं खोटं ठरेल. आता ‘शी इज ऑलवेज कॉलिंग मी व्हेन आय अ‍ॅम ड्रायव्हिंग’ घ्या. गाडी चालवताना दर वेळी फोन येतो, असा दावा इथे कोणी करत नाही. येतो तो नको तितका आणि नको तेव्हा, एवढंच म्हणायचंय. म्हणजे पहिला ‘ऑलवेज’ ‘दर वेळी’ आणि दुसरा ‘सारखं’. आपणही ‘तो चाव्या हरवतो’ आणि ‘तो सारखा चाव्या हरवत असतो’ यांत हाच फरक करतो.

यातला ‘ऑलवेज’ काढून पाहा. ‘ही इज लूझिंग हिज कीज’ म्हणजे आत्ता, या क्षणी हरवतोय, आणि हे ऐकायलाच विचित्र वाटतं. सवयीचा अर्थ त्या एका शब्दावर उभा आहे. त्याच्या जागी ‘कॉन्स्टंटली’ किंवा ‘फॉरएव्हर’ चालतं. ‘युज्वली’ ठेवलं तर ती तक्रार उरत नाही. भूतकाळातही रचना हीच: ‘ही वॉज ऑलवेज लूझिंग हिज कीज’.

गोची होते ती ऑफिसच्या मेलमध्ये. वरिष्ठांचं कौतुक करायला कोणी लिहितं, ‘यू आर ऑलवेज सेंडिंग द रिपोर्ट ऑन फ्रायडे’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘तुम्ही दर शुक्रवारी न चुकता पाठवता’ असतं, पण वाचणाऱ्याला ऐकू येतं ‘काय हे, सारखं शुक्रवारीच पाठवत असता!’ इथे ‘यू ऑलवेज सेंड’ हवं.

उलट बाजूही आहे. ‘शी इज ऑलवेज हेल्पिंग पीपल’ यात वैताग नाही, कौतुकच आहे. ही रचना स्वतःहून रागावत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त वेळा घडतंय, एवढंच ती सांगते. ते आवडतं की खुपतं, हे क्रियापदावरून आणि बोलण्याच्या सुरावरून कळतं. चाव्या हरवणं कोणालाच आवडत नाही, म्हणून ते वाक्य तक्रारीचं होतं.