एचडीएमआयची ‘एनहान्स्ड’ सेटिंग बंद का असते?

सोनीच्या टीव्हीत Settings मधून External inputs मध्ये गेलं की HDMI signal format हे नाव दिसतं. आत दोन पर्याय असतात: Standard format आणि Enhanced format. बहुतेक टीव्ही दुकानातून घरी येतो तेव्हा पहिला पर्याय निवडलेला असतो. सॅमसंगच्या टीव्हीत याच कामाचं नाव आधी HDMI UHD Color होतं, पुढे Input Signal Plus झालं. एलजीकडे ते Deep Colour या नावाने सापडतं. ही सेटिंग चालू केल्याशिवाय त्या एचडीएमआय पोर्टला जोडलेल्या यंत्राकडून सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेमचं ४के चित्र एचडीआरसह, म्हणजे उजेड-अंधाराचा आणि रंगांचा मोठा पल्ला दाखवत, येत नाही. पैसे मोजून घेतलेली सोय कंपनीने बंद करून का पाठवावी, हा प्रश्न मला जळगाव-धुळ्याकडे टीव्ही बसवताना सतत विचारला जातो. त्याचं उत्तर एचडीएमआयच्या गेल्या वीस-बावीस वर्षांत आहे.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मधली. तेव्हा घरोघरी जाड काचेचे टीव्ही होते आणि फुल एचडीसुद्धा लांबची गोष्ट होती. २००६ च्या १.३ आवृत्तीने तारेची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत नेली. २००९ साली १.४ आली. तिने ४के चित्राला पहिल्यांदा जागा दिली, पण सेकंदाला फार तर ३० फ्रेम. सिनेमा २४ फ्रेमचा असतो, त्याला तेवढं पुरलं. क्रिकेट आणि गेम यांना मात्र ते पुरत नाही, कारण चेंडूची आणि कॅमेऱ्याची हालचाल ३० फ्रेममध्ये तुटक दिसते.

३० वरच का अडलं, ते हिशोब मांडला की कळतं. पडद्यावर दिसणारं चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं. तारेतून त्याच्याभोवती थोडी रिकामी जागाही पाठवावी लागते, ती धरून एक फ्रेम ४४०० बाय २२५० ची होते, म्हणजे ९९ लाख पिक्सेल. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे २९.७ कोटी. एचडीएमआय १.४ ची मर्यादा सेकंदाला ३४ कोटींची, म्हणजे तेच १०.२ गिगाबिट, त्यात हे बसतं. ६० फ्रेम केल्या की आकडा ५९.४ कोटींवर जातो आणि मर्यादा कधीच ओलांडलेली असते. आपल्याकडचं प्रसारण ५० फ्रेमचं आहे म्हणून तिथे भार हलका होईल असं वाटतं. पण ५० फ्रेमच्या रचनेत रिकामी जागा वाढवलेली आहे, त्यामुळे तिथेही बेरीज ५९.४ कोटीच येते.

सप्टेंबर २०१३ मध्ये २.० आवृत्ती आली आणि मर्यादा ६० कोटींवर, म्हणजे १८ गिगाबिटवर गेली. ५९.४ कोटी तिच्यात जेमतेम बसतात. पण नव्या वेगाच्या चिप बाजारात यायला वेळ लागणार होता आणि ‘४के, ६० फ्रेम’ हे शब्द खोक्यावर छापायची घाई सगळ्यांनाच होती. म्हणून त्या सुरुवातीच्या काळात एक मधला मार्ग वापरला गेला. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. तेव्हा प्रत्येक पिक्सेलचा उजेड ठेवायचा आणि रंग मात्र चार पिक्सेलमागे एकदाच पाठवायचा. याला ४:२:० म्हणतात. असं केलं की भार निम्मा होतो, ५९.४ चे पुन्हा २९.७ कोटी, आणि जुन्याच वेगाच्या चिपवर ६० फ्रेमचं ४के चालतं. आजही Standard format वर ठेवलेल्या पोर्टवर अनेकदा ४के आणि ६० हे दोन्ही आकडे दिसतात, ते याच सोयीमुळे. आकडे बघून माणसाची खात्री पटते की सगळं नीट लागलेलं आहे.

मग एचडीआर आलं. एप्रिल २०१५ च्या २.० ए आवृत्तीत त्याची माहिती तारेतून पाठवायची पद्धत ठरली. एचडीआरमध्ये प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट लागतात, नाहीतर संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसू लागतात. १० बिट म्हणजे सव्वापट भार. २९.७ कोटींचे झाले ३७.१ कोटी, आणि जुनी मर्यादा ३४ ची! इतक्या थोड्यासाठी ती काटकसर कामाची राहिली नाही. रंग कमी पाठवूनसुद्धा ६० फ्रेमचं एचडीआर जुन्या वेगात मावत नाही, त्याला खराखुरा २.० चा वेग लागतोच. पूर्ण रंगांचं १० बिट चित्र तर ७४ कोटींवर जातं, ते २.० लाही झेपत नाही. म्हणून १८ गिगाबिटच्या टीव्हीवर ६० फ्रेमचं एचडीआर नेहमी ४:२:२ मध्ये, म्हणजे रंग दोन पिक्सेलमागे एकदा पाठवून, किंवा ४:२:० मध्येच येतं. त्यात कमीपणा काही नाही, सोफ्यावर बसून तो फरक दिसत नाही.

आता सेटिंगकडे येऊ. टीव्हीला एखादं यंत्र जोडलं की ते आधी टीव्हीतली एक छोटी यादी वाचतं. तिचं नाव ईडीआयडी. मला कोणकोणतं चित्र चालतं, किती वेग झेपतो, एचडीआर समजतं की नाही, हे टीव्ही त्यात सांगतो. ही पद्धत एचडीएमआयच्याही आधीची, संगणकाच्या मॉनिटरच्या काळातली. २०१३ आणि २०१५ मध्ये तिच्यात नवे कप्पे वाढले. त्याआधी बनलेल्या सेट टॉप बॉक्सना आणि डीव्हीडी प्लेअरना ते कप्पे ठाऊक नव्हते. अनोळखी कप्पा सोडून पुढे जावं असा नियम आहे, पण प्रत्येक बॉक्सचं सॉफ्टवेअर तेवढ्या काळजीने लिहिलेलं नसतं. काही बॉक्स अडकायचे, काही चुकीचं चित्र पाठवायचे, काही काळा पडदा दाखवायचे.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी टीव्हीत दोन याद्या ठेवल्या. Standard format वर टीव्ही जुनी यादी दाखवतो, तिच्यात एचडीआरचा उल्लेखच नसतो. Enhanced format केलं की नवी यादी पुढे येते. पॅनेल तेच, तार तीच, बदलतं ते टीव्हीने स्वतःबद्दल दिलेलं निवेदन. २०१५-१६ मध्ये हा निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. आपल्या खान्देशात तर नक्कीच, कारण गावोगावच्या केबलवाल्यांचे बॉक्स जुने होते, आणि नव्या टीव्हीवर चित्रच नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक टीव्ही परत करायला निघालं असतं. पण आता गेम कन्सोल आणि ४के स्टिक तालुक्याच्या गावी पोचल्या आहेत. यंत्र जोडताक्षणी टीव्हीने स्वतःहून विचारायला हवं. काही टीव्ही तशी सूचना दाखवतात, सगळे नाही.

धुळ्यात देवपूरमधल्या एका घरचं उदाहरण घ्या. टीव्ही २०१८ च्या सुमाराचा सोनी, चार एचडीएमआय पोर्टचा. केबलचा बॉक्स पहिल्या पोर्टला, मुलाचा प्लेस्टेशन ५ चौथ्या पोर्टला. मुलगा म्हणाला, “भाऊ, टीव्हीमा यूट्यूबवर एचडीआर दिसस, गेममा का बरं दिसत नही?” प्रश्न अचूक होता आणि निम्मं उत्तर त्यातच होतं. टीव्हीतलं यूट्यूब एचडीएमआयच्या वाटेने येतच नाही, ते टीव्हीच्या आतच चालतं. म्हणजे पॅनेल ठीक, अडचण पोर्टची.

कन्सोलच्या Screen and Video मध्ये जाऊन Video Output Information उघडलं. तिथे ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ आणि पुढे YUV420, म्हणजे तेच ४:२:०, असं होतं, एचडीआर मात्र नाही. हे वाचलं की जुनी यादी पुढे आहे हे ओळखावं. त्या मॉडेलमध्ये नवा वेग फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टवर होता. त्या काळातल्या सोनीच्या पुष्कळ मॉडेलांत तसंच आहे, त्यामुळे पोर्टशेजारी छापलेलं वाचावं. कन्सोल तिसऱ्या पोर्टला लावला, तो पोर्ट Enhanced format वर नेला. पडदा दोन-तीन सेकंद काळा झाला, ते अपेक्षितच असतं, कारण टीव्ही जोडणी तोडून नवी यादी वाचायला लावतो. चित्र परत आलं तेव्हा YUV422 होतं आणि एचडीआर सुरू होतं.

मात्र गडद दृश्यांत पांढरे ठिपके चमकू लागले, मध्येच पडदा क्षणभर जायचा. दोष तारेचा होता. जुनी पाच मीटरची तार भिंतीतून नेलेली होती, ती १०.२ गिगाबिटवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली होती. ३४ कोटींच्या पुढे सिग्नल पाठवायची पद्धतच बदलते आणि तारेतली झीज उघडी पडते. चित्र फिकट झालं किंवा रंग उडाले तर तार दोषी नसते. तारेचा दोष ठिपके, रेघा किंवा जाऊन-येऊन चित्र अशाच रूपात दिसतो. Premium High Speed असं लेबल असलेली दोन मीटरची तार लावली आणि ठिपके थांबले. केबलचा बॉक्स पहिल्या पोर्टवर Standard format वरच राहू दिला, त्याला नव्या यादीतून काही मिळणार नव्हतं. एखाद्या पोर्टवर पर्याय बदलल्यावर बॉक्सचं चित्र गेलं तरी घाबरू नये. टीव्हीचा मेनू टीव्हीचाच असतो, तो दिसत राहतो, तिथून मागे येता येतं.

नोव्हेंबर २०१७ च्या २.१ आवृत्तीने मर्यादा ४८ गिगाबिटवर नेली आणि १२० फ्रेमचं ४के शक्य झालं. त्याबरोबर यादीचा तिसरा प्रकार आला. सोनीच्या नव्या टीव्हीत Enhanced format च्या जोडीला 4K120 आणि VRR, म्हणजे गेमप्रमाणे फ्रेमचा वेग बदलता ठेवणारी सोय, असं लिहिलेले वेगळे पर्याय दिसतात. तिथेही चारपैकी दोनच पोर्ट त्या वेगाचे असतात, आणि तार Ultra High Speed लेबलची लागते.

कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर टीव्हीतली सेटिंग बदलूनही काही घडत नाही. कन्सोल तेव्हा रिसीव्हरने पुढे केलेली यादी वाचतो. डेनॉन-मरांट्झच्या रिसीव्हरमध्ये 4K Signal Format नावाची अशीच सेटिंग असते, तीही Enhanced वर न्यावी लागते. रिसीव्हर जुना असेल आणि त्यात हा पर्यायच नसेल, तर कन्सोल थेट टीव्हीला जोडावा आणि आवाज एआरसी पोर्टमधून रिसीव्हरकडे परत न्यावा.